दिल्ली-आग्र्यात कुणी ‘बंद आहे’ म्हणालं तर

प्रश्न: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच दिल्ली-आग्रा करतोय. भाऊ-वहिनी कॅनडाहून थेट दिल्लीला उतरणार, दोघांकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे. गुरुवारी सगळे दिल्लीत भेटणार, पहाडगंजला मुक्काम, शुक्रवारी सकाळी ६च्या शताब्दीने आग्रा, शनिवारी रात्री परत. तिकिटं काढून झालीत. स्टेशनवर, विमानतळावर, ताजपाशी फसवतात असं सगळे सांगतात, पण नक्की कसं फसवतात आणि ओळखायचं कसं, हे कुणीच सांगत नाही. त्यात आमच्या बाबांशी कुणी दोन शब्द गोड बोललं की ते त्याच्यामागे चालायला लागतात!

उत्तर:

मी बावीस वर्षं पुण्याहून दिल्ली-आग्रा-जयपूरच्या सहली नेतोय. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही या लोकांच्या हातून फसलोय, त्यामुळे पुढचं बरंचसं स्वतःच्या खिशातून शिकलेलं आहे.

फसवणूक म्हटलं की आपल्याला वाटतं, रिक्षावाला जास्त पैसे घेणार, दुकानदार चढा भाव लावणार. ते होतंच, पण त्यात शे-दोनशे जातात आणि माणूस विसरतो. जी मोठी फसवणूक होते, तिची सुरुवात पैशांच्या गोष्टीने होतच नाही. ती एका बातमीने होते. तुमची गाडी रद्द झाली. तुमचं हॉटेल बंद पडलं. पुढचा रस्ता पोलिसांनी अडवलाय. ताजच्या या दाराला आज दोन तासांची रांग आहे. बातमी सांगणारा काहीच मागत नाही, उलट मदत करतो, आणि म्हणूनच बाबांसारखी सरळ माणसं त्यात अडकतात. पैसे मागणारा माणूस पुढे, तिसऱ्या टप्प्यावर भेटतो.

नवी दिल्ली स्टेशनपासून सुरू करतो, कारण तुमचा मुक्काम पहाडगंजला आहे आणि हा खेळ नेमका त्याच बाजूला सगळ्यात जुना आहे. स्टेशनला दोन तोंडं आहेत, पहाडगंज आणि अजमेरी गेट. पहाडगंजच्या बाजूला मुख्य इमारतीत, पहिल्या मजल्यावर, परदेशी प्रवाशांसाठी रेल्वेचं वेगळं आरक्षण कार्यालय वर्षानुवर्षं होतं. ‘ते आता बंद झालं, नवं ऑफिस कॅनॉट प्लेसला हललं’ असं जिन्याच्या पायरीवर उभं राहून सांगायचं आणि गोऱ्या पाहुण्याला रिक्षात घालून आपल्या ट्रॅव्हल एजन्सीत न्यायचं, हा इथला मूळ धंदा. लोक मोबाइलवर तिकीट काढायला लागले तशी बातमी बदलली आणि गिऱ्हाईकही बदललं. आता आपल्याकडच्या माणसांनाही तेच सांगतात, फक्त ‘ऑफिस हललं’ ऐवजी ‘तिकिटात गडबड आहे’ असं म्हणतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. साताऱ्याकडचं एक निवृत्त जोडपं माझ्या ग्रुपला आग्र्यात येऊन मिळणार होतं. दिल्लीत मुलीकडे दोन दिवस राहून पहाटेच्या शताब्दीने यायचं, असं ठरलं होतं. साडेआठ वाजले, नऊ वाजले, दोघांचा पत्ता नाही. फोन लागला तेव्हा काका म्हणाले, “अहो, गाडी रद्द झाली, आम्ही सरकारी ऑफिसमधून गाडी करून निघालोय.” मी गार पडलो, कारण त्याच शताब्दीने आलेली माझ्या ग्रुपमधली दुसरी मंडळी माझ्यासमोर बसून पुरी-भाजी खात होती.

झालं होतं ते असं. पाच वाजून दहा मिनिटांनी दोघं पहाडगंजच्या बाजूला रिक्षातून उतरले. सामान तपासायच्या यंत्राच्या पंधरा-वीस पावलं अलीकडे निळा कोट घातलेला, गळ्यात ओळखपत्राची पट्टी असलेला माणूस उभा होता. “अंकलजी, टिकट दिखाइए.” काकांनी मोबाइलवरचं तिकीट दाखवलं. त्याने गाडी क्रमांक, डबा, काकांचं नाव मोठ्याने वाचलं. त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकलं आणि काकांना तो रेल्वेचाच वाटला. मग तो म्हणाला, “ये तो ई-टिकट है, इस पर स्टैंप नहीं लगा.” शिक्का लावायला कुठे जायचं, तर ऑफिस पाच मिनिटांवर आहे. अजून पन्नास मिनिटं आहेत, आरामात होईल. रिक्षा त्यानेच थांबवली, वीस रुपयेच द्या म्हणाला.

ऑफिस कॅनॉट प्लेसच्या मागच्या गल्लीत होतं. पाटीवर भारताचा नकाशा, ‘टूरिस्ट इन्फॉर्मेशन’ आणि ‘गव्हर्न्मेंट अप्रूव्ह्ड’ असे शब्द. आत कॉम्प्युटरवर एकाने काहीतरी बडवलं आणि चेहरा पाडून सांगितलं, की धुक्यामुळे गाडीच रद्द आहे. खात्रीसाठी त्याने स्वतःच्या फोनवरून ‘रेल्वे इन्क्वायरी’ला फोन लावून काकांच्या कानाला लावला. पलीकडच्या माणसानेही तेच सांगितलं. पलीकडचा माणूस शेजारच्या खोलीत बसला असेल तरी मला नवल वाटणार नाही. पावणेसहा झाले होते. आग्रा, मथुरा, जयपूर मिळून गाडी आणि हॉटेलचं पॅकेज अडतीस हजारांना पुढे ठेवलं. काका नको म्हणाले, घासाघीस झाली आणि फक्त आग्र्यापर्यंतच्या गाडीचे अकरा हजार पाचशे देऊन दोघं निघाले. वाटेत त्या ड्रायव्हरने त्यांना दोन दुकानांतही थांबवलं. आणि ज्या गाडीत त्यांच्या दोन खुर्च्या रिकाम्या गेल्या, तिच्या तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण ती गाडी रेल्वेने रद्द केलीच नव्हती.

आता याच गोष्टीत कुठे-कुठे थांबता आलं असतं ते बघू.

पहिलं म्हणजे शिक्का. ई-तिकिटावर कसलाही शिक्का, सही, ‘व्हॅलिडेशन’ लागत नाही. मोबाइलवरचं तिकीट किंवा रेल्वेचा एसएमएस आणि मूळ ओळखपत्र एवढंच लागतं, आणि ते गाडीत टीटीई बघतो. दुसरं म्हणजे, सकाळी सहाच्या गाडीचा चार्ट तुम्ही झोपेतून उठण्याआधीच लागलेला असतो. तुमच्या पीएनआरपुढे CNF दिसत असेल आणि डबा-खुर्ची लिहिलेली असेल, तर स्टेशनच्या दारात उभा असलेला कुणीही ती काढून घेऊ शकत नाही. WL असेल तर गोष्ट वेगळी. चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते तिकीट घेऊन स्टेशनवर जायचंच नाही. पण तेही तुम्हाला घरबसल्या कळलेलं असतं.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. दारावर तिकीट बघणारा प्रत्येक माणूस खोटा नसतो. गर्दीच्या दिवसांत नवी दिल्लीला प्रवेशाआधी तिकीट बघूनच आत सोडतात. तेव्हा कपडे आणि ओळखपत्र बघून ओळखायला जाऊ नका, दोन्ही बाजारात मिळतं. तो तुम्हाला कुठल्या दिशेला पाठवतो ते बघा. खरा कर्मचारी तिकीट बघून तुम्हाला आत पाठवतो. फार तर म्हणेल, त्या दाराने जा, त्या खिडकीवर विचारा. तुम्हाला स्टेशनच्या बाहेर, रिक्षात बसवून पाठवणारा रेल्वेचा माणूस अस्तित्वात नाही. बावीस वर्षांत मला एकही भेटलेला नाही.

आणि धुकं? इथेच हे लोक हुशार आहेत. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुक्याने गाड्या खरोखर चार-चार तास उशिरा धावतात, काही गाड्या रेल्वे आधीच रद्द करते. म्हणजे बातमी खोटी असली तरी अशक्य नसते. म्हणून ‘हा खोटंच बोलतोय’ असं मनाशी धरून चालायचं नाही, खरं-खोटं स्वतःच्या फोनवर बघायचं. आदल्या रात्री रेल्वेचं NTES अ‍ॅप उघडा, गाडी क्रमांक टाका. किंवा स्वतःच्या हाताने १३९ फिरवा. स्टेशनात शिरल्यावर मोठ्या फलकावर गाडी आणि फलाट दिसतो. रेल्वेने गाडी खरंच रद्द केली असेल तर एसएमएस येतो आणि ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत मिळतात, कुठल्या ऑफिसात जावं लागत नाही. काकांच्या खिशात फोन होता, त्यात इंटरनेट होतं. पण समोरच्याने स्वतःचा फोन पुढे केला आणि त्यांनी तो कानाला लावला. सगळ्या प्रकरणातली घातक चूक तीच होती. तुम्ही पाचही जणांनी एवढं पाळा, की दुसऱ्याने लावून दिलेल्या फोनवर आलेली कुठलीच बातमी धरायची नाही.

‘गव्हर्न्मेंट अप्रूव्ह्ड’ या शब्दांबद्दलही सांगतो, कारण शिकलेली माणसंही इथे गंडतात. पर्यटन मंत्रालय खासगी ट्रॅव्हल एजन्सींना मान्यता देतं, ही खरी गोष्ट आहे. पण मान्यता मिळाली म्हणून ते दुकान सरकारी कार्यालय होत नाही, आणि पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे ती मान्यता असतेच असंही नाही. भारत सरकारचं पर्यटक माहिती कार्यालय दिल्लीत ८८, जनपथ इथे आहे. त्याच्या आसपासच्या रस्त्यांवर मिळत्याजुळत्या नावांची किती दुकानं आहेत, ते एकदा फिरून बघा, करमणूक होईल. फक्त आत जाऊ नका.

हमालांबद्दल मात्र उगाच संशय नको. लाल सदरा आणि दंडावर पितळी बिल्ला असलेला कुली परवानाधारक असतो. तो भाव चढा सांगेल, पण तुमची गाडी रद्द झाल्याचं सांगून तुम्हाला बाहेर नेणार नाही, कारण त्याची कमाई तुम्ही फलाटावर पोचण्यात आहे. आई-बाबांना जिना चढायचा असेल तर आधी भाव ठरवून खुशाल करा.

आता भाऊ-वहिनींचं विमानतळ. टर्मिनल तीनवरून बाहेर पडताना ‘टॅक्सी, सर?’ म्हणत येणाऱ्यांकडे लक्ष द्यायचं नाही, एवढं कॅनडाहून येणाऱ्याला सांगायला नको. तिथली खरी फसवणूक टॅक्सी सुटल्यावर सुरू होते. रात्रीची वेळ, चौदा-पंधरा तासांच्या प्रवासाने डोळे मिटतायत, आणि ड्रायव्हर म्हणतो, “पहाडगंज? उधर तो आज रास्ता बंद है.” किंवा म्हणतो, तुमच्या हॉटेलला आग लागली, ते सील झालंय, तुमचं बुकिंगच नाही. पुन्हा तेच, तो स्वतःच फोन लावून देतो आणि पलीकडून कुणीतरी रिसेप्शनिस्टच्या सुरात सांगतं की सॉरी सर, रूम नाही. मग टॅक्सी दुसऱ्या हॉटेलला लागते, तिथे खोलीचा भाव दुप्पट-तिप्पट, आणि त्यातला वाटा ड्रायव्हरचा.

याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते हसत द्यायचं: “ठीक है भैया, जला हुआ होटल ही दिखा दो.” हॉटेलच्या दारापर्यंत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. बहुतेक वेळा पुढच्या सिग्नलला रस्ता आपोआप मोकळा होतो. हॉटेलचा नंबर बुकिंगच्या कागदावरून आधीच फोनमध्ये साठवून ठेवायला सांगा. ऐन वेळी इंटरनेटवर शोधलेला नंबर घ्यायचा नाही, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. भावाचं कॅनडाचं सिम इथे नीट चालेलच असं नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि टॅक्सी निघाल्याबरोबर तो समोर धरून बसू द्या. ड्रायव्हरला दिसलं पाहिजे, की यांना रस्ता कळतोय.

विमानतळावर प्रीपेड टॅक्सी केली तर पावती मिळते. ती पावती म्हणजेच ड्रायव्हरचे पैसे. ती दाखवून त्याला रक्कम मिळते, म्हणून तो बसता-बसताच मागतो. मुक्कामाला पोचून सामान उतरवेपर्यंत ती आपल्याच खिशात राहू द्या. एकदा पावती दिली की तो तुम्हाला कुठे उतरवतो हे त्याच्या मर्जीवर राहतं. अ‍ॅपवरून गाडी मागवली तर नंबर प्लेट जुळवून मगच ओटीपी सांगायचा, आणि ‘राइड कैंसल कर दो, उतने में ही छोड़ दूँगा’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसायचं नाही, कारण राइड रद्द झाली की तुम्ही कुठे आहात याची नोंदच राहत नाही.

पण माझं खरं मत विचाराल तर टॅक्सीची भानगडच नको. टर्मिनल तीनलाच एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोचं स्टेशन आहे आणि ती वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला आणून सोडते. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालते, मधल्या काही तासांत मात्र नसते. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, ही मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला बाहेर पडते आणि तुमचं हॉटेल पहाडगंजच्या बाजूला, म्हणजे मध्ये अख्खं स्टेशन. सामान घेऊन ते ओलांडताना वाट चुकते आणि नेमका तिथेच ‘मदत’ करणारा भेटतो. तुम्ही अजमेरी गेटच्या बाजूला त्यांना घ्यायला उभे राहा, विषय संपला.

आग्र्याला हेच लोक जरा वेगळ्या रूपात भेटतात. तिथे त्यांना लपके म्हणतात, आणि हा शब्द स्थानिक लोक, पोलीस, वर्तमानपत्रं, सगळे वापरतात. आपल्याकडच्या माणसांना ते नावानिशी नाही, पण भाषेनिशी ओळखतात. तुमच्या आईच्या साडीवरून आणि तुमच्या तोंडच्या ‘अगं, थांब ना’ वरून त्याला कळतं, की मंडळी महाराष्ट्रातली. मग तो चक्क मराठीत हाक मारतो: “या काका, बसा, जय महाराष्ट्र!” माझ्या ग्रुपमधल्या माणसांचं निम्मं सावधपण त्या एका वाक्याला विरघळतं. आग्र्यात मराठी बोलणारा अनोळखी माणूस भेटला, तर तो तुमचा गाववाला नसून मराठी गिऱ्हाइकं फार बघितलेला माणूस आहे असं समजा.

इथली बातमी अशी असते: “गाडी इसके आगे नहीं जाती.” यातली गंमत म्हणजे ती अर्धी खरी आहे. ताजच्या आसपास पाचशे मीटरच्या पट्ट्यात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. तुमची गाडी पूर्व दरवाजासाठी शिल्पग्रामच्या पार्किंगला थांबते, पश्चिम दरवाजासाठी अमरूद का टीला या पार्किंगला. तिथून पुढे बॅटरीची गाडी किंवा पायी. पण लपका या सत्याचा फायदा घेऊन तुम्हाला एक-दीड किलोमीटर आधीच उतरवून घेतो, आपल्या ई-रिक्षात बसवतो आणि सोबत ‘फुकट’ गाइड देतो. म्हणून स्टेशनवर गाडी ठरवतानाच ‘शिल्पग्राम पार्किंग’ हे शब्द वापरा. नुसतं ‘ताजमहल’ म्हणालात की कुठे उतरवायचं हे तो ठरवणार.

तिकीट आधीच पुरातत्त्व खात्याच्या ऑनलाइन व्यवस्थेतून काढून ठेवा. भारतीयाला प्रवेश ५० रुपये आणि मुख्य मकबऱ्यात जायचे वेगळे २००. परदेशी पाहुण्याला १,१०० आणि वर तेच २००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. भाऊ-वहिनींसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण ओसीआय कार्डधारकांना राष्ट्रीय स्मारकांमध्ये भारतीयांचाच दर लागतो. कॅनडाचा पासपोर्ट दिसला की लपका हमखास म्हणणार, ‘इनका तो ग्यारह सौ लगेगा, मैं इंडियन में करा देता हूँ, पाँच सौ दे दो.’ जे हक्काने मिळतं, तेच विकायचा हा प्रकार. मूळ ओसीआय कार्ड सोबत असू द्या, फोटो चालेल या भरवशावर राहू नका.

आत पिशवी नेता येत नाही असं सांगून दुकानदार तुमची बॅग ठेवून घेतो, फुकट. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, काडीपेटी, ट्रायपॉड असल्या वस्तू आत नेऊ देत नाहीत, हे खरं आहे, आणि त्यासाठी दरवाजापाशी सामानघर आहे. दुकानात बॅग ठेवली, की ताज बघून झाल्यावर तुम्हाला परत त्या दुकानात जावंच लागतं. मग चहा येतो, मग गालिचा उलगडतो. फुकट ठेवलेल्या बॅगेचं भाडं असं वसूल होतं.

गाइड हवा असेल तर परवान्याचं ओळखपत्र हातात घेऊन फोटो जुळवून बघा, किती वेळ आणि किती पैसे हे ठरवा, आणि ‘दुकानात जायचं नाही’ हे वाक्य त्याच वेळी स्पष्ट बोला. चांगला गाइड ताजमध्ये खरंच हवा, मी त्याच्या विरोधात नाही. आतल्या परवानाधारक फोटोग्राफरचंही तसंच. फोटो किती ते आधी आकड्यात ठरवा. नाहीतर ‘जो पसंद आए वही लेना’ म्हणत तो पन्नास काढतो, आणि आईचा संगमरवरी बाकावरचा फोटो एकदा छापून समोर आला की नको म्हणणं कुणालाही जड जातं.

दुकानांबद्दल एवढंच सांगतो, की ड्रायव्हर, गाइड, रिक्षावाला, ज्याने तुम्हाला दारात आणलं, त्याचा वाटा तुमच्या बिलात असतो. मला एका संगमरवराच्या दुकानात तीस टक्के देऊ केले होते, तेही माझे लोक पायऱ्या चढत असताना. संगमरवर म्हणून मऊ दगडाच्या वस्तू सर्रास विकतात. दुकानदार खाली दिवा लावून दाखवतो, की बघा, प्रकाश आरपार जातो, म्हणजे अस्सल मकराना. त्या परीक्षेला अर्थ नाही, कारण अलाबास्टरसारख्या स्वस्त मऊ दगडातूनही प्रकाश जातो. वस्तू उलटी करा आणि तळाला नखाने ओरखडा काढून बघा. मऊ दगडावर नखाची रेघ उठते, संगमरवरावर नख चालत नाही. दुकानदाराने ‘अरे अरे’ करत हात धरला तर उत्तर मिळालंच. आणि मोठी वस्तू घेऊन ‘घरपोच पाठवतो’ या बोलीवर सगळे पैसे आधी मोजू नका. दाखवलेली वेगळी, पोचलेली वेगळी, अशा तक्रारी माझ्याच ग्रुपमधून आल्यात. हातात घेऊन जाता येईल तेवढंच घ्या, आणि जीएसटीचं बिल मागा.

बाबांचं काय करायचं? त्यांना ‘कुणाशी बोलू नका’ म्हणून उपयोग नाही, ते बोलणारच, आणि बोलू द्यावं. मी अशा माणसाला एक काम देतो. पाचही जणांची तिकिटं आणि ओळखपत्रांची छोटी पिशवी त्यांच्या गळ्यात घालतो आणि सांगतो, काका, माझ्याशिवाय कुणी मागितलं तर द्यायचं नाही, टीटीईसुद्धा गाडीत बसल्यावरच. जबाबदारी आली की तोच माणूस इतका कडक होतो, की एकदा एका काकांनी मलाच ओळखपत्र मागितलं होतं. चालताना ते मध्ये राहतील असं बघा. लपका नेहमी सगळ्यात मागच्या किंवा सगळ्यात पुढच्या माणसाशी बोलतो, घोळक्याच्या मधल्याशी नाही.

एवढं करूनही कुणी अडकलंच, म्हणजे ऑफिसात बसलात आणि मग लक्षात आलं, तर वाद घालू नका आणि खोटेपणा सिद्ध करायला जाऊ नका. उठा आणि चालू लागा. पासपोर्ट किंवा आधार ‘एंट्रीसाठी’ टेबलावर ठेवू नका, त्याशिवाय उठता येत नाही. दार अडवलं तर ११२. पैसे यूपीआयने किंवा कार्डाने गेले असतील तर तिथून बाहेर पडल्याबरोबर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार आणि बँकेला फोन, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. पर्यटन मंत्रालयाची १३६३ ही मदतवाहिनी चोवीस तास चालते. ‘हे खरं आहे का’ एवढं विचारायलाही तिथे फोन करता येतो. काकांचे अकरा हजार पाचशे परत मिळाले नाहीत, कारण ते रोख होते आणि पावतीवर रीतसर ‘टॅक्सी भाडे’ लिहिलेलं होतं. कागदावर सगळं कायदेशीर.

आता तुमच्या कार्यक्रमाबद्दल. तुम्ही शुक्रवारी आग्र्याला जाताय, आणि शुक्रवारी ताजमहाल खरोखरच बंद असतो. त्या दिवशी आग्रा कँटला उतरल्यावर रिक्षावाला ‘ताज बंद है’ म्हणाला तर तो खरं बोलत असेल, पण पुढचं वाक्य ‘चलो, बेबी ताज और मार्बल फैक्टरी दिखाता हूँ’ हे असेल. तिकिटं बदलायची गरज नाही. शुक्रवारी आग्र्याचा किल्ला बघा, तो उघडा असतो. दुपारी इत्माद-उद-दौला, ज्याला तो बेबी ताज म्हणतो तीच इमारत, खरंच सुंदर आहे, पण तुमच्या सोयीने जा. संध्याकाळी यमुनेच्या पलीकडे मेहताब बागेत, तिथून मावळतीला ताज समोर दिसतो. शनिवारी ताज. पण सूर्योदयाला जाऊ नका, लोक काहीही सांगू देत. डिसेंबरच्या पहाटे धुक्यात ताज दिसतच नाही, नुसता पांढरा पडदा. नाश्ता करून दहाच्या सुमारास शिल्पग्रामला पोचा.